लवकर दाबलेलं बटण



मारामारीचे व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांच्या तोंडी एक तक्रार हमखास असते. पहिला ठोसा बसतो, दुसरा निघतच नाही, आणि खेळणारा चिडून म्हणतो, ‘अरे, दाबलं होतं मी!’ शेजारी बसलेला हसतो. पण माझं मत विचाराल तर बहुतेक वेळा तो खरंच बोलत असतो. बटण दाबलेलं असतं, गेमनं ते टाकून दिलेलं असतं. आणि गंमत अशी, की ते उशिरा नाही, लवकर दाबलेलं असतं.

हे कसं होतं ते पाहू. असे गेम सेकंदाला 60 चित्रं दाखवतात. त्या प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. म्हणजे एक फ्रेम साधारण 17 मिलिसेकंदांची. गेमचं सगळं गणित या फ्रेमवर चालतं. समजा, आपल्या गेममधला साधा ठोसा 14 फ्रेमचा आहे. पहिल्या 4 फ्रेम हात उगारण्यात जातात. पाचव्या आणि सहाव्या फ्रेमला मूठ समोरच्याला लागू शकते. उरलेल्या 8 फ्रेम हात मागे घेण्यात जातात आणि तेवढा वेळ आपल्या पात्राला दुसरं काही करता येत नाही. मूठ पाचव्या फ्रेमला लागली, की प्रतिस्पर्धी पुढच्या 14 फ्रेम, म्हणजे एकोणिसाव्या फ्रेमपर्यंत, कळवळत राहतो. तेवढ्यात दुसरा ठोसा बसला तर कॉम्बो जुळला. नाही बसला तर तो सावरतो आणि हात आडवा धरून अडवतो.

आता मोजा. आपला हात पंधराव्या फ्रेमला मोकळा होतो. दुसरा ठोसा तिथेच सुरू झाला तर त्याची पाचवी फ्रेम म्हणजे एकूण एकोणिसावी. अगदी शेवटच्या क्षणी तो बसतो. सोळाव्या फ्रेमला सुरू केला तर विसाव्याला पोहोचतो आणि अडवला जातो. म्हणजे बटण नेमकं पंधराव्या फ्रेमला दाबलं गेलं पाहिजे. सेकंदाचा साठावा भाग, बस्स.

आणि चौदाव्या फ्रेमला दाबलं तर? गेम प्रत्येक फ्रेमला एकच प्रश्न विचारतो : बटण आत्ता, या फ्रेमला, नव्यानं दाबलं का? चौदाव्या फ्रेमला उत्तर ‘हो’ असतं, पण हात अजून मोकळा नसतो, म्हणून गेम ते सोडून देतो. पंधराव्या फ्रेमला हात मोकळा असतो, पण आता बटण नव्यानं दाबलेलं नसतं, बोट नुसतं त्यावर टेकलेलं असतं. काहीच घडत नाही. इथेच दोन चुका वेगळ्या ओळखता येतात. उशीर झाला तर ठोसा निघतो, पण अडवला जातो. घाई झाली तर ठोसा निघतच नाही. खेळणाऱ्याला ‘गेम ऐकत नाही’ असं वाटतं ते या दुसऱ्या चुकीमुळे.

ही अडचण कॉम्बोच्या जन्मापासूनची आहे. 1991 साली कॅपकॉम कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर टू’ आला. तो तयार होत असताना, मोटार फोडायच्या बोनस फेरीत चुका तपासताना निर्माते नोरिताका फुनामिझु यांच्या लक्षात आलं, की मध्ये जादा फटके घुसवता येतात. ही वेळ साधणं इतकं अवघड आहे की लोकांना त्याचा उपयोग होणार नाही, असं त्यांना वाटलं. तरी त्यांनी ती सोय लपलेली राहू दिली. लोकांनी ती शोधली, घोटली आणि पुढे त्या खेळाचा सगळा डावच तिच्यावर उभा राहिला.

पुढे ‘स्ट्रीट फायटर फोर’मध्ये एकाच फ्रेमच्या जोडण्या इतक्या होत्या, की खेळाडूंनी स्वतःच पळवाट काढली. मध्यम ठोशाचं बटण दाबायचं आणि लगेच पुढच्या फ्रेमला हलक्या ठोशाचं. गेममधल्या बटणांच्या प्राधान्यक्रमामुळे मध्यम ठोसा सलग दोन फ्रेम दाबल्यासारखा नोंदला जाई. एका संधीच्या दोन झाल्या. याला ते प्लिंकिंग म्हणत. कौतुक वाटतं, पण जे काम गेमनं करायला हवं होतं ते पोरांच्या बोटांना करावं लागलं, असंही मला वाटतं.

गेमनं करायचं काम म्हणजे बफर. आपल्याकडच्या हॉटेलातला पोऱ्या दोन्ही हातांत बशा असल्या तरी जाता जाता तुमचा चहा ऐकून ठेवतो, हात मोकळे झाले की आणून देतो. गेमनंही तेवढंच करायचं. प्रत्येक बटणासाठी एक आकडा ठेवायचा : हे दाबून किती फ्रेम झाल्या? दाबलं त्या फ्रेमला शून्य, मग दर फ्रेमला एक वाढवायचा. हात मोकळा झाला की प्रश्न बदलून विचारायचा. ‘आत्ता दाबलं का’ असं नाही, तर ‘गेल्या 4 फ्रेममध्ये दाबलं होतं का’ असं. आपल्या उदाहरणात मग अकराव्या फ्रेमपासून पंधराव्यापर्यंत केव्हाही दाबा, ठोसा पंधराव्यालाच निघतो. एका फ्रेमच्या जागी पाच फ्रेम, म्हणजे सुमारे 83 मिलिसेकंद, मिळाल्या. अनेक फसणारे कॉम्बो एवढ्यानंच जुळू लागतात.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. बफर फक्त घाईला माफी देतो. सोळाव्या फ्रेमला दाबलेलं बटण अजूनही उशिराचंच. तिथे सूट द्यायची तर प्रतिस्पर्ध्याचं कळवळणं लांबवावं लागतं, आणि तसं केलं की जास्त जोराचे, जास्त वेळ घेणारे फटकेही त्यात बसायला लागतात. मग नुकसान किती, कोणतं पात्र किती भारी, सगळाच हिशेब हलतो. तो निर्णय वेगळा, आणि तो विचार करून घ्यायचा.

आता मी आतापर्यंत मुद्दाम बाजूला ठेवलेली एक गोष्ट. ठोसा लागला की या गेममध्ये दोघंही काही फ्रेम जागच्या जागी गोठतात. याला हिटस्टॉप म्हणतात. फटक्याला वजन येतं ते त्यामुळे. घरी गेम बनवणाऱ्या पोरांचा घोळ सगळ्यात जास्त इथे होतो. कॉम्बोचा दुसरा प्रकार असा असतो, की ठोसा लागताच तो अर्ध्यावर तोडून थेट विशेष फटका काढायचा. खेळणारा ठोसा लागलेला पाहतो आणि बटण दाबतो. म्हणजे बरोबर त्या गोठलेल्या वेळात दाबतो. बनवणाऱ्यानं गोठवताना सगळंच थांबवलेलं असलं, बटणं वाचणंसुद्धा, तर ते दाबणं हवेत विरून गेलं.

दुसरी चूक जास्त फसवी. बटणं वाचली जातात, पण त्यांचं वयही वाढत राहतं. समजा, गोठणं 8 फ्रेमचं आहे आणि बफर 4 फ्रेमचा. गोठण्याच्या दुसऱ्या फ्रेमला दाबलेलं बटण, पात्रं हलायला लागेपर्यंत मुदत संपून बाद होतं. शेवटच्या फ्रेममध्ये दाबलेलं मात्र चालतं. त्यामुळे तोच कॉम्बो कधी जुळतो, कधी नाही, आणि बनवणारा बफरचा आकडा उगाच वाढवत बसतो. उपाय साधा आहे : गोठलेल्या वेळात ऐकत राहायचं, पण बटणांची वयंही पात्रांसोबत गोठवायची.

मात्र बफर घालण्याआधी दुखणं नेमकं कुठे आहे ते पाहायला हवं. पडद्याच्या कोपऱ्यात बटणांची नोंद फ्रेमसकट दाखवायची सोय करा. सरावाच्या भागात मोठे गेमही ती देतात. मग मोबाईलवर सेकंदाला 240 चित्रं टिपणारं चित्रण लावून बोट आणि पडदा एकत्र टिपा. चार चित्रांची एक फ्रेम धरायची. नोंद वेळेवर उमटली आणि फटका निघाला नाही, तर प्रश्न मुदतीचा, तिथे बफर लागू पडेल. नोंदच उशिरा उमटली, तर विलंब यंत्रणेत आहे : टीव्हीत, कंट्रोलरमध्ये किंवा गेमच्या चित्र काढण्याच्या रांगेत. त्यावर बफर हे औषध नाही. 2016 च्या ‘स्ट्रीट फायटर फाइव्ह’मध्ये जोडण्यांना काही फ्रेमचा बफर होता, म्हणून कॉम्बो सोपे झाले. पण बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत सुरुवातीला 8 च्या आसपास फ्रेम जात असल्याचं खेळाडूंनी मोजून दाखवलं, आणि ती ओरड बफरनं थांबली नाही.

आणि नोंद उमटलीच नाही, तर बटण वाचण्यातच खोट आहे. युनिटी वापरणाऱ्यांकडून हे वारंवार घडतं. तिथलं `GetKeyDown` हे पडद्यावरच्या एकाच चित्रापुरतं ‘हो’ म्हणतं. ते `FixedUpdate` मध्ये विचारलं, तर मूळ मांडणीत हा भाग सेकंदाला 50 वेळा चालतो आणि चित्रं असतात 60. सहापैकी एखादं दाबणं दोन खेपांच्या मध्ये पडून हरवतं. बटण `Update` मध्ये वाचून ठेवायचं आणि पुढच्या खेपेला वापरायचं.

आता बफर किती ठेवावा? लोभ सुटतो. 4 नं बरं वाटलं, मग 15 का नको? 15 फ्रेम म्हणजे पाव सेकंद. खेळणाऱ्यानं ठोसा मारताना घाबरून बटण दोनदा दाबलं. ठोसा अडवला गेला. आता त्याला स्वतःचा बचाव करायचा आहे, त्याचा विचार बदलला आहे, पण गेमनं ते जुनं दाबणं जपून ठेवलंय. हात मोकळा होताच दुसरा ठोसा निघतो आणि समोरचा त्याला त्यातच गाठतो. 2018 च्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’मध्ये बफर 9 फ्रेमचा आहे, आणि नको असलेल्या चाली निघतात अशी कुरकूर तिथले खेळाडू करत आले आहेत. तक्रारीचे शब्दच बदलतात : ‘दाबलं तरी निघालं नाही’च्या जागी ‘मी हे केलंच नव्हतं’. हे वाक्य ऐकू आलं, की आकडा खाली आणायचा. मी स्वतः 4 किंवा 5 पासून सुरुवात करीन, आणि शिकाऊ खेळाडूसोबत मुरलेल्यालाही बसवून पाहीन, कारण मुरलेल्याला जादा ठोसा शिकाऊच्या आधी खटकतो.

दिशांच्या बाबतीतही असंच आहे. खाली, तिरकं, पुढे आणि ठोसा, असा विशेष फटका असला, की गेम ठोशाच्या क्षणी मागे वळून दिशांची वही वाचतो : अमुक फ्रेममध्ये या तिन्ही दिशा या क्रमानं आल्या का? तिथेही सैल वाचन केलं तर हात न बसलेल्याला मदत होते. ‘स्ट्रीट फायटर फोर’नं उसळून मारायच्या ठोशासाठी पुढे, खाली, तिरकं असा पूर्ण क्रम न मागता दोनदा तिरकं दाबलेलंही मान्य केलं. परिणाम असा, की पुढे चालत जाऊन आगीचा गोळा फेकू पाहणाऱ्याचं पात्र कधी कधी भलतंच उसळी मारून हवेत जाई, आणि खाली येईपर्यंत समोरचा त्याची वाट पाहत उभा असे.