‘काकू’ म्हणजे मासा: बहुभाषिक वर्गात पहिलं वाचन



माझ्या संशोधनाचं क्षेत्र अमरावती जिल्ह्यातला मेळघाट. तिथल्या धारणी तालुक्यातल्या एका शाळेत मी पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग बघत होते. घरी बहुतेक मुलं कोरकू बोलतात. काही गवळ्यांची मुलं आहेत, त्यांची बोली वेगळी. मध्य प्रदेशची सीमा जवळ, त्यामुळे बाजारात हिंदी. आणि पाठ्यपुस्तक मराठी. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, म्हणजे मराठीशी तिचं नातं शेजाराचं, रक्ताचं नाही. अशा वर्गात वाचन कुठून सुरू करायचं, एवढाच आजचा प्रश्न आहे.

दोन रस्ते सांगितले जातात. एक, अख्खा शब्द. चित्राखाली ‘घर’ लिहिलेलं कार्ड दाखवायचं, मूल त्या शब्दाचा आकार लक्षात ठेवतं. दुसरा, ध्वनी आणि चिन्ह यांची जोडी शिकवून मुलाला स्वतः शब्द जुळवायला लावायचं. यालाच आज फोनिक्स म्हणतात. आपली जुनी बाराखडी म्हणजे फोनिक्स नव्हे, हे आधी स्पष्ट करते. सगळे स्वर, मग सगळी व्यंजनं, मग सगळी बाराखडी, असा क्रम पाळला तर मुलाच्या हाती पहिला वाचता येण्याजोगा शब्द यायला कित्येक महिने जातात. वर तक्त्यावर ऋ ऋषीचा, य यज्ञाचा, क्ष क्षत्रियाचा. हे तिघेही ज्या घरात कधी फिरकले नाहीत, तिथल्या मुलानं त्यांच्यावरून आवाज ओळखायचा!

त्या वर्गातल्या बाईंनी पाच व्यंजनं निवडली: क, म, र, ल, न. आणि दोनच मात्रा: ा आणि ी. पाच व्यंजनांची तीन-तीन रूपं, म्हणजे एकूण पंधरा अक्षरं. एवढ्यात काय वाचता येतं बघा. कान, नाक, काम, मान, मका, रान, मामा. यातले कान, नाक, काम हे हिंदीतही तेच. शिवाय हिंदीतले काला, नीला, नाला, कमरा. मग बाईंनी उ आणि त्याची मात्रा घेतली, तेव्हा फळ्यावर ‘उरा’ आला. कोरकूत उरा म्हणजे घर. आपल्या घरातला शब्द फळ्यावर लिहिता येतो, हे त्या मुलांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

बहुभाषिक वर्गात फोनिक्सची खरी ताकद इथे आहे. मूल ‘घर’ हे कार्ड पाठ करतं तेव्हा त्याच्याकडे एका भाषेतला एक शब्द जमा होतो. क आणि ा यांची जोडी कळते तेव्हा ती मराठी, हिंदी, कोरकू तिन्हीकडे चालते, कारण तिन्ही देवनागरीत लिहिता येतात. चौथ्या भाषेचं मूल वर्गात आलं तरी तीच पंधरा अक्षरं त्याच्या शब्दांना लावून बघता येतात.

मुलानं पाठ केलंय की वाचलंय, हे ओळखायला एक सोपी चाचणी आहे. चित्र झाका आणि ‘नाक’ऐवजी ‘कान’ दाखवा. मग अर्थ नसलेले शब्द द्या: लाकी, मीका, रनी. पाठ केलेलं मूल ‘मीका’ला ‘मका’ म्हणतं. वाचणारं मूल अडखळेल, पण ‘मीका’च म्हणेल. इंग्लंडमध्ये 2012 पासून पहिलीच्या मुलांची जी फोनिक्स चाचणी होते, तिच्यात असे बनावट शब्द मुद्दाम असतात.

मात्र इंग्लंड-अमेरिकेतले निष्कर्ष जसेच्या तसे उचलू नका. अमेरिकेच्या ‘नॅशनल रीडिंग पॅनल’ने 2000 साली पद्धतशीर फोनिक्सच्या बाजूनं कौल दिला, तो इंग्रजी वाचनाच्या अभ्यासांवरून. आपली अडचण निराळी आहे. देवनागरीत एकेक अक्षर नियमित, पण अक्षरांची संख्या प्रचंड. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या कामातून दिसतं, की अशा लिपीत अक्षरज्ञान पक्कं व्हायला पहिलीचं वर्ष पुरत नाही, ते पुढच्या इयत्तांपर्यंत चालू राहतं. म्हणून मात्रा हळूहळू, आणि प्रत्येक मात्रेबरोबर लगेच शब्द.

आता फोनिक्स जिथे अडतं ते सांगते. ‘कान’ वाचताना मूल का-न म्हणतं. मराठीत शेवटच्या ‘न’मधला अ आपण बोलताना गाळतो. पण तो गाळायचा हे कळायला शब्द आधी ऐकलेला लागतो. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च वेगळे, हेही लिपी सांगत नाही, कान सांगतो. मराठी न ऐकलेलं मूल क-म-ल असं तीन तुकड्यांत वाचून थांबतं, त्याचा शब्द होत नाही. पुष्कळ शिक्षक म्हणतात, ‘अक्षरं येतात, वाचता येत नाही’, त्याचं एक कारण हे आहे. इथे अक्षरांचा आणखी सराव देऊन उपयोग नसतो. आधी गोष्ट, गप्पा, वस्तू हातात घेऊन बोलणं. तो शब्द तोंडात आला की मग फळ्यावर.

एकदा ‘काकू’ शब्द आला. एका मुलीनं अचूक वाचला आणि हातानं पोहण्याची खूण केली. कोरकूत काकू म्हणजे मासा. बाईंनी चूक म्हटलं नाही. दोन चित्रं काढली, एक माशाचं, एक काकूचं. तिचं वाचन पूर्ण बरोबर होतं, मराठी अर्थ तेवढा शिकायचा होता.

याच्या उलट प्रकार मी दुसऱ्या वर्गांत पाहिला आहे. मूल ‘पाणी’ बघून ‘पानी’ म्हणतं आणि वर्ग हसतो. आनी-पानीवरून कोण कुणाला हसतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण वाचनाच्या दृष्टीनं नीट बघू. त्या मुलाच्या बोलीत ण नाही, तर ते ‘बाण’लाही ‘बान’ म्हणेल. ते चिन्हावरून शब्दापर्यंत पोचलं का? त्याला सांगा, ‘हे घेऊन ये.’ ते पाणी घेऊन आलं, तर वाचन झालं. प्रमाण उच्चार ही स्वतंत्र गोष्ट आहे, आणि वाचनाच्या तासाला ती दुरुस्त करत बसलं की मूल मोठ्यानं वाचणंच सोडतं.

लिहिताना मात्र त्याला ण आणि न यांतला फरक आवाजावरून सापडणार नाही. ऱ्हस्व-दीर्घ तर प्रमाण बोलणाऱ्यांनाही बहुतेक वेळा ऐकू येत नाही. श-षचं तेच. इथे अख्खा शब्द डोळ्यात साठवण्याला पर्याय नाही. मी, आहे, आणि, नाही हे सतत येणारे शब्द आणि मुलांची स्वतःची नावं कार्डावर पहिल्या दिवसापासून असावीत, असंही मला वाटतं. नावाचं कार्ड तर मूल कुणी न सांगता वाचायला बघतं.

पण मुख्य पद्धत म्हणून अख्ख्या शब्दावर विसंबायला माझा विरोध आहे, आणि त्याचं कारण घरात आहे. शब्दांचे आकार बघत बघत काही मुलं ध्वनीचे नियम आपसूक शोधून काढतात, हे खरं. ती बहुधा ज्यांच्या घरी पुस्तकं असतात, संध्याकाळी कुणी शेजारी बसून बोट ठेवून वाचतं, अशी मुलं. शाळेनं न शिकवलेला भाग त्यांचं घर भरून काढतं आणि श्रेय पद्धतीला जातं. आपल्या घरांत हे करायला कोण होतं? धारणीच्या त्या वर्गातल्या कित्येक मुलांचे आईबाप दिवाळीनंतर कामासाठी बाहेर पडतात, काही मुलंही सोबत जातात. महिना-दोन महिन्यांनी परत आलेल्या मुलाला कार्डं आठवत नाहीत.

त्यासाठी बाईंकडे एक वही आहे. प्रत्येक मुलाच्या नावासमोर त्याला येणारी अक्षरं. मूल परतलं की त्याला ती पंधरा अक्षरं आणि सहा बनावट शब्द वाचायला देतात, जिथे अडलं तिथे खूण करतात आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू करतात. बहुतेकांची गाडी ि वर अडते, कारण ती लिहायची आधी आणि बोलायची नंतर. त्या मात्रेला त्यांनी अख्खे दोन आठवडे ठेवले आहेत. जोडाक्षरं दुसरीत.