हप्ता चुकला म्हणजे फ्लॅट गेला का?

मी तिरोड्याहून बोलतोय. वकिली करतो, आणि आज जी गोष्ट सांगणार आहे ती आमच्या घरचीच आहे.

माझा आतेभाऊ नागपुरात नोकरीला. त्याने तिथेच बांधकाम सुरू असलेल्या एका इमारतीत फ्लॅट घेतला. किंमत 32 लाख. करारनामा रजिस्टर झाला, जोत्याचं काम होईपर्यंतचे सगळे हप्ते गेले. म्हणजे 45 टक्के, 14 लाख 40 हजार रुपये. पुढे प्रत्येक स्लॅबला 5 टक्के, म्हणजे 1 लाख 60 हजार द्यायचे होते. नेमकी तेव्हाच भावाने नोकरी बदलली. नव्या पगाराच्या स्लिपा येईपर्यंत बँकेने कर्जाचे पैसे सोडायचं थांबवलं. 10 नोव्हेंबरचा हप्ता चुकला, 10 जानेवारीचाही चुकला.

20 जानेवारीला बिल्डरचं पत्र आलं: "थकबाकी 7 दिवसांत भरा, नाहीतर बुकिंग रद्द समजा." फेब्रुवारीच्या सुरुवातीला दुसरं पत्र आलं: "बुकिंग रद्द केलं आहे." भावाचा रात्री अकराला फोन. "दादा, फ्लॅट गेला का रे?"

मी म्हटलं, आधी करारनामा पाठव.

मंडळी, आपल्या डोक्यात एक हिशोब पक्का बसलेला असतो. मी चुकलो, म्हणजे समोरच्याला करार मोडायचा हक्क मिळाला. पण चूक होणं आणि करार संपणं यांच्यामध्ये बहुतेक करारांत दोन पायऱ्या असतात. पहिली, कसूर झाल्याची नोटीस. दुसरी, ती कसूर दुरुस्त करण्याची मुदत, जिला वकील लोक क्युअर पिरियड म्हणतात. या पायऱ्या ओलांडल्याशिवाय करार मोडायचा हक्क तयारच होत नाही.

महाराष्ट्रात रेरा कायद्याखाली 2017 साली जे नियम आले, त्यांत फ्लॅटच्या करारनाम्याचा एक नमुना दिलाय. भावाचा करारनामा त्याच नमुन्यावर होता. त्यातलं कलम साध्या भाषेत असं. ग्राहकाने तीन हप्ते चुकवले, तर बिल्डर करार रद्द करू शकतो. पण त्याआधी त्याने 15 दिवसांची लेखी नोटीस दिली पाहिजे. ती करारनाम्यातल्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने आणि दिलेल्या ई-मेलवरही गेली पाहिजे. त्या नोटिशीत दोन गोष्टी हव्यात: करार रद्द करण्याचा इरादा आहे, आणि नेमकी कोणती अट मोडली. त्या 15 दिवसांत ग्राहकाने चूक दुरुस्त केली नाही, तरच मुदत संपल्यावर रद्द करण्याचा हक्क मिळतो.

आता जानेवारीचं पत्र यावर घासून बघा. हप्ते चुकले होते दोनच. मुदत दिली सातच दिवसांची. कोणता हप्ता, किती रक्कम, काही लिहिलं नव्हतं. ई-मेलही नव्हता. म्हणजे ते वसुलीचं पत्र होतं, कलमातली नोटीस नव्हती. आणि पाया नसेल तर त्यावर उभं केलेलं फेब्रुवारीचं रद्दपत्रही टिकत नाही. आम्ही एवढंच लिहून उत्तर पाठवलं. रेरा कायद्याच्या कलम 11 मध्येही सांगितलंय की बिल्डर करारातल्या अटींप्रमाणेच वाटप रद्द करू शकतो, आणि तसं नसेल तर ग्राहक महारेराकडे तक्रार करू शकतो. ती वेळ आली नाही. मार्चमध्ये बिल्डरनेच तिसऱ्या स्लॅबचा हप्ता मागितला. रद्द झालेल्या कराराचा हप्ता कोण मागतं? म्हणजे करार जिवंत आहे हे त्यानेच मान्य केलं.

इथे भाऊ निवांत झाला, आणि खरा धोका इथेच होता. कारण 10 मार्चचा हप्ताही चुकला. आता तीन झाले.

2 मे रोजी नोटीस आली, आणि या वेळी ती बरोबर होती. तीन हप्ते तारखांसह, रक्कम 4 लाख 80 हजार अधिक व्याज, 15 दिवस, रद्द करण्याचा इरादा. ई-मेल भावाने उघडलाच नाही. पोस्टाचं पाकीट 7 मेला तिरोड्यात आलं, कारण करारनाम्यात पत्ता घरचा होता. आत्याने सही करून घेतलं आणि टीव्हीमागे ठेवून दिलं. 9 तारखेला मी सहज गेलो म्हणून ते दिसलं. पाकीट घेतलंच नसतं तर बरं झालं असतं, असं समजू नका. बरोबर पत्त्यावर गेलेलं रजिस्टर पत्र पोहोचलं असंच कायदा गृहीत धरतो. नाही मिळालं हे सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर येते.

15 दिवस कधीपासून मोजायचे? कलमात नीट लिहिलेलं नाही. 7 मेपासून मोजले तर 22 मे, ई-मेलपासून मोजले तर 17 मे. वाद घालता आला असता, पण 14 लाख अडकलेले असताना वाद कशाला? आम्ही अलीकडची तारीख धरली, 17 मे.

मग दुरुस्ती म्हणजे काय, हा प्रश्न. भाऊ म्हणाला, "दोन हप्ते आता भरतो, तिसरा जूनमध्ये देतो असं मेल करतो." चालणार नाही. वचन म्हणजे दुरुस्ती नाही, अर्धे पैसेही दुरुस्ती नाही. नोटिशीत दाखवलेली कसूर पूर्ण भरून निघाली पाहिजे, व्याजासकट. नियमांप्रमाणे व्याज स्टेट बँकेच्या सर्वांत जास्त एमसीएलआर दरावर 2 टक्के. आमच्या हिशोबात तो दर 11 टक्के धरला होता. 10 मेपर्यंत पहिला हप्ता सहा महिने, दुसरा चार, तिसरा दोन महिने उशिरा. म्हणजे 1 लाख 60 हजारांवर एकूण बारा महिन्यांचं व्याज, 17 हजार 600 रुपये. फुफाजींनी धान विकलेले पैसे काढले, आत्याने दागिने गहाण ठेवले. 10 मेला 4 लाख 97 हजार 600 रुपये बँकेतून बिल्डरच्या खात्यात गेले. त्याच दिवशी ई-मेल आणि पोस्टाने पत्र: नोटिशीतली कसूर मुदतीत दुरुस्त केली आहे, पोच द्या.

पोच लेखीच घ्यायची. कारण कलमात "तीन कसुरी" आहे, पण एकदा दुरुस्त झालेल्या कसुरी पुढे मोजायच्या की नाही, यावर ते गप्प आहे. उद्या चौथा हप्ता चुकला, तर बिल्डर "आधीच तीन झाल्या आहेत" म्हणू शकतो. पोच असेल तर आपल्याला बोलायला जागा राहते.

17 मे उलटून गेली असती तर? बिल्डर करार रद्द करू शकला असता. 30 दिवसांत पैसे परत, पण करारात ठरलेली नुकसानभरपाई कापून. आणि फ्लॅट गेला असता तो गेलाच.

एक लक्षात ठेवा. ही मुदत बहुतेक वेळा तुमच्या करारात लिहिली असेल तरच तिच्यावर हक्क सांगता येतो. दुकानाचं भाडं, गाडीचं कर्ज, एजन्सीचा करार, प्रत्येकात कलम वेगळं. कुठे 7 दिवस, कुठे 30, कुठे काहीच नाही. म्हणून आज तुमच्या करारात "नोटीस" आणि "रद्द" हे दोन शब्द शोधा. कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या ई-मेलवर नोटीस येणार ते बघा. पत्ता बदलला असेल तर लेखी कळवा.

आत्याच्या टीव्हीमागे आता काही ठेवत नाहीत. भेटू पुढच्या भागात.