१२८ सांगितलं, ६४ आलं : विक्रेत्याला पत्र कसं लिहायचं

मी बडोद्याला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. आज फक्त एका पत्राबद्दल बोलणार आहे. ऑनलाइन मागवलेला फोन हातात आला आणि त्याचं स्टोरेज जाहिरातीपेक्षा कमी निघालं, आतली चिपही वेगळी निघाली, तर विक्रेत्याला नेमकं काय लिहायचं?

माझी भाची इंदूरला नर्सिंग शिकते. आठ महिने पैसे साठवून तिनं ११,४९९ रुपयांचा फोन मागवला. पानावर लिहिलं होतं 128 GB आणि Helio G85. फोन आल्यावर तो अडखळायला लागला, म्हणून तिनं विक्रेत्याला लिहिलं, "तुम्ही मला फसवलंत. फोन खूप स्लो आहे, स्टोरेजपण कमी आहे. पैसे परत करा." उत्तर आलं, "स्टोरेजचा काही भाग सिस्टीम वापरते. कृपया फोन रीसेट करून बघा." परतीच्या मुदतीचे चार दिवस उरले होते. तेव्हा तिचा मला फोन आला, "मामा, आता काय करू?"

तिचा राग खरा होता, पण त्या मजकुरात विक्रेत्याला पळवाट होती. असं पत्र वाचताना समोरच्याच्या मनात दोन शंका येतात. पहिली, गिऱ्हाइकाला आकडा समजलेला नाही. दुसरी, गिऱ्हाइकानं फोनच बदलला आहे. आपल्या पत्रानं या दोन्ही शंका आधीच मिटवायच्या.

पहिली शंका घेऊ. ती उगीच नसते. कंपनी जीबी मोजते हजाराच्या पटीत आणि काही सॉफ्टवेअर मोजतात १०२४ च्या पटीत. त्यामुळे १२८ चा फोन एखाद्या ॲपमध्ये ११९ दिसतो. त्यातून सिस्टीमची जागा वजा होते आणि वापरायला शंभर-एकशेपाच उरतात. एवढ्यावर तक्रार केली तर ती टिकत नाही. म्हणून "रिकामी जागा" बघायची नाही, एकूण आकडा बघायचा. भाचीला म्हटलं, सेटिंगमध्ये स्टोरेज उघड आणि वरचा एकूण आकडा वाच. तिथे ६४ होते. कुठल्याही हिशेबानं १२८ चे ६४ होत नाहीत.

आता चिप. इथे "ऑक्टा-कोर" या शब्दावर जाऊ नका. आठ कोर दोन्हींत असतात. फरक असतो तो कोर कुठल्या जातीचे आहेत यात. Helio G85 मध्ये दोन Cortex-A75 हे ताकदीचे कोर असतात आणि सहा Cortex-A55. तिला CPU-Z हे फुकट ॲप टाकायला सांगितलं. त्यातल्या SOC पानावर आठही कोर Cortex-A53 दिसले आणि Device पानावर Hardware पुढे mt6765. आठही कोर जुन्या, साध्या जातीचे. पत्रात कोरांची नावं लिहायचं कारण असं की G85 च्या फोनमध्येही या जागी G85 हे नाव दिसत नाही, कारखान्याचा क्रमांक दिसतो. नुसतं "नाव जुळत नाही" म्हटलं तर समोरचा तेवढंच सांगून सुटतो. A75 चे दोन कोर मुळातच नाहीत, याला मात्र उत्तर नाही.

दुसरी शंका फोन बदलल्याची. तिला एकच उत्तर, IMEI. फोनवर *#06# दाबलं की हा १५ आकडी क्रमांक दिसतो. तोच खोक्यावर छापलेला असतो आणि बऱ्याच बिलांवरही असतो. भाचीच्या बाबतीत तिन्ही ठिकाणी तोच क्रमांक होता. म्हणजे त्यांनी बिल केलेला फोन हाच. शिवाय KYM लिहून, एक जागा सोडून IMEI टाकायचा आणि 14422 वर एसएमएस करायचा. तो क्रमांक कुठल्या मॉडेलला दिला आहे ते सरकारी नोंदीतून कळतं.

मग तिनं दुसरं पत्र लिहिलं. मराठीत ते साधारण असं होतं :

"महोदय, दिनांक अमुक, ऑर्डर क्रमांक अमुक. विक्रीच्या पानावर आणि बिलावर या फोनचं स्टोरेज 128 GB लिहिलं आहे, पानावर चिप Helio G85 लिहिली आहे. मिळालेल्या फोनच्या सेटिंगमध्ये एकूण स्टोरेज 64 GB आहे. हा आकडा सिस्टीमची जागा वजा करण्याआधीचा आहे. CPU-Z मध्ये आठही कोर Cortex-A53 दिसतात; Helio G85 मध्ये दोन Cortex-A75 असतात. फोनवरचा, खोक्यावरचा आणि बिलावरचा IMEI एकच आहे. पाच फोटो जोडले आहेत. वस्तू जाहिरातीप्रमाणे नसल्यामुळे ती परत घेऊन पूर्ण रक्कम परत करावी. रीसेट केल्यानं यातलं काही बदलणार नाही."

बघा, यात "फसवलं" हा शब्द नाही आणि "स्लो" हाही नाही. स्लो हे मत झालं, त्यावर वाद घालता येतो. मागणीही एकच आहे. "बदलून द्या नाहीतर पैसे द्या नाहीतर काहीतरी करा" असं लिहिलं की समोरचा स्वतःला स्वस्त पडेल ते निवडतो. फोटोंपैकी एक विक्रीच्या पानाचा होता. तो तक्रार करण्याआधीच काढून ठेवायचा, कारण पानावरचा मजकूर नंतर बदलू शकतो.

हे पत्र तिनं ऑर्डरच्या पानावरून विक्रेत्याला पाठवलं आणि त्याची प्रत वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेलनं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे या अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकालात काढायची असते. वस्तू जाहिरातीप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे.

दुसऱ्या दिवशी विक्रेत्यानं ७०० रुपयांचं कूपन देऊ केलं, फोन ठेवून घ्या म्हणाला. भाचीनं विचारलं, "मामा, घेऊ का?" मी म्हटलं, "कूपन घेतलंस की तक्रार मिटली असं ते धरतील. तुला ६४ चा फोन चालणार असेल तरच घे." तिनं नाही म्हणून कळवलं. तिसऱ्या दिवशी फोन न्यायला माणूस आला. त्याच्या पावतीवर तिनं IMEI लिहून घेतला आणि पावतीचा फोटो काढला, मगच फोन दिला. नऊ दिवसांनी पूर्ण पैसे खात्यात आले.

आले नसते तर? १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. आपण महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं : विक्रेता दिल्लीचा असला तरी २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. आणि तिथेही पहिला कागद म्हणून हेच पत्र लागतं. म्हणून ते लिहिताना समजा की विक्रेत्यानंतर ते आणखी कुणीतरी वाचणार आहे, ज्यानं तुमचा फोन कधी पाहिलेला नाही.