मर्मदृष्टीने शिकणे

शिक्षकांच्या परीक्षेत एक प्रश्न नेहमी भेटतो: “समष्टिवाद्यांची मर्मदृष्टीची उपपत्ती सांगा व ती प्रयत्न-प्रमाद पद्धतीहून कशी वेगळी आहे ते स्पष्ट करा.” बहुतेक परीक्षार्थी मांजर आणि माकड यांची गोष्ट लिहितात आणि थांबतात. उत्तराचा गाभा मात्र त्या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत आहे.

प्रथम मांजर घेऊ. अमेरिकेतील थॉर्नडाइक यांनी १८९८ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. भुकेले मांजर पेटीत, खाद्य बाहेर. मांजर ओरबाडते, चावते, धडपडते. मग कधीतरी पंजा खटक्यावर पडतो आणि दार उघडते. पुन्हा पेटीत ठेवले की पुन्हा धडपड, पण थोडी कमी. सुटकेला लागणारा वेळ अनेक खेपांमध्ये, कमीजास्त होत, हळूहळू घटतो. थॉर्नडाइक म्हणाले, मांजराला खटक्याचे मर्म कळले असते, तर हा वेळ एकदम खाली आला असता आणि खालीच राहिला असता. तसे झाले नाही. फळ देणारी हालचाल पक्की झाली, बाकीच्या गळाल्या, एवढेच.

आता कोहलर. हे जर्मन मानसशास्त्रज्ञ १९१३ साली टेनेरिफ बेटावर गेले आणि पहिल्या महायुद्धामुळे तेथेच अडकले. त्यांचा सुलतान नावाचा चिंपांझी पिंजऱ्यात होता. बाहेर केळी, आत दोन पोकळ काठ्या. एक बारीक, एक जाड. कोणतीही एक काठी केळ्यांपर्यंत पोचत नव्हती. सुलतानने तासाहून अधिक वेळ खटपट केली. एका काठीने दुसरी पुढे ढकलून ती केळ्यांना टेकवलीसुद्धा. पण टेकवून काय उपयोग? केळी ओढता येईनात. कोहलर यांनी जाड काठीच्या भोकात बोट घालून सुचवून पाहिले, तेही वाया गेले. मग सुलतान एका खोक्यावर बसून काठ्यांशी चाळा करू लागला. चाळा करता करता दोन्ही काठ्या एका रेषेत आल्या. त्याने बारीक काठी जाडीच्या तोंडात खोचली, उठला, गजांकडे धावला आणि केळी ओढू लागला. खायलाही न थांबता एकामागून एक फळ ओढीत राहिला.

येथे फरक दिसतो. काठी ही आता नुसती काठी राहिली नाही; ती ‘लांब काठीचा एक भाग’ झाली. काठी, अंतर आणि केळे यांचे नाते एकत्र दिसले. याच दिसण्याला मर्मदृष्टी म्हणतात. तिच्या खुणा तीन: उकल एकदम येते, आली की सहसा टिकते, आणि बदललेल्या परिस्थितीतही वापरता येते.

मांजर मठ्ठ म्हणून त्याला हे साधले नाही काय? समष्टिवाद्यांचे उत्तर मार्मिक आहे. पेटीतील दोरी व खटका यांचा दाराशी असलेला संबंध मांजराला दिसतच नव्हता. जेथे नाते झाकलेले, तेथे आंधळ्या धडपडीखेरीज दुसरा मार्ग कोणता? सुलतानसमोर मात्र सगळे उघडे होते.

वर्गातील उदाहरण घेऊ. श्रीरामपूर भागात पाटाच्या कडेची काही शेते तिरकी असतात. समजा, समांतरभुज आकाराच्या एका तुकड्याची लांब बाजू ९९ फूट, तिरकी बाजू ७७ फूट आणि दोन लांब बाजूंमधील सरळ अंतर ६६ फूट आहे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. आयताचा पाठ केलेला नियम लावणारा मुलगा ९९ गुणिले ७७ करून सात गुंठे सांगतो. दुसरा मुलगा कागदाचा तसाच आकार घेऊन एका टोकाचा त्रिकोण कापतो आणि दुसऱ्या टोकाला जोडतो. आयत तयार! ९९ गुणिले ६६, म्हणजे सहा गुंठे. समष्टिवादी वर्दायमर यांनी हाच भूमितीचा प्रश्न मुलांपुढे ठेवला होता. आकृती नुसती फिरवून दिली की घोकणारे अडतात. मर्म दिसलेला अडत नाही. कळले की पाठ झाले, हे ओळखण्याची ही सोपी कसोटी.

उत्तरात मर्यादाही लिहावी. मर्मदृष्टी आकाशातून पडत नाही. बर्च यांनी १९४५ साली दाखवले की काठ्या फारशा न हाताळलेले बहुतेक चिंपांझी काठीचा साधा प्रश्नही सोडवू शकले नाहीत. तीन दिवस काठ्यांशी खेळू दिल्यावर ते झटपट सोडवू लागले. म्हणून “मर्मदृष्टीत प्रयत्न नसतात” असे लिहिणे चूक. सुलतानने तासभर प्रयत्नच केले होते. फरक प्रयत्न असण्या-नसण्याचा नाही. थॉर्नडाइक यांच्या मते यश हालचाल पक्की करते. कोहलर यांच्या मते परिस्थितीची नवी मांडणी दिसते, आणि योग्य हालचाल तिच्यातून निघते. हे एक वाक्य नीट लिहिले, की उत्तर पुरे झाले.