काडीमोडाचा कागद आणि व्हिसाची फाईल



आपल्या मुरबाड-शहापूरकडं संसार मोडला की अजूनही काही समाजांत पंच बसतात, देणंघेणं मिटतं, स्टँप पेपरवर काडीमोड लिहिला जातो. पुढं दुसरं लग्नही होतं आणि गावात कुणी काही विचारत नाही. विचारतो तो व्हिसा अधिकारी. नवरा ब्रिटनला किंवा कॅनडाला असेल आणि बायकोला तिकडं न्यायचं असेल, तर पहिलं लग्न कधी आणि कशानं संपलं, याचा पुरावा द्यावा लागतो.

हा काडीमोड बेकायदा नाही. हिंदू विवाह कायदा 1955 मधलं कलम 29 समाजाच्या रूढीनं झालेला घटस्फोट मानतं. ठाकर, कातकरी, महादेव कोळी अशा अनुसूचित जमातींना तर तो कायदा सहसा लागूच होत नाही, तिथं रूढीच चालते. पण समाजात ती रूढी जुनी आणि चालत आलेली आहे, हे सिद्ध करावं लागतं. नोटरीच्या शिक्क्यानं ते होत नाही.

इथंच मोठी चूक होते. समजा, एका ताईंचा काडीमोड 2015 ला झाला आणि दुसरं लग्न 2018 ला. आता व्हिसासाठी कुणी सुचवतं, पहिल्या नवऱ्याला गाठा, दोघांच्या संमतीनं कोर्टातून घटस्फोट घेऊन टाका. हुकूमनामा मिळतो, पण त्यावर तारीख आजची! म्हणजे 2018 ला पहिलं लग्न कायम होतं, असा अर्थ निघतो आणि दुसरं लग्नच रद्दबातल ठरण्याची पाळी येते. ताईंनी मागायला हवा तो नवा घटस्फोट नव्हे. आमचं लग्न 2015 लाच रूढीनं संपलं, असं घोषित करून मागणारा दावा त्यांनी लावायचा. त्यासाठी मूळ कागद, हयात असलेले पंच आणि समाजातले असेच दुसरे काडीमोड सांगू शकणारी वडीलधारी माणसं साक्षीला लागतात. पंच थकत चालले असतील, तर हे काम पुढं ढकलू नका.

विवाह नोंदणीचा अर्जही काढून बघा. त्यात लग्नाच्या वेळची स्थिती लिहिलेली असते. घाईत तिथं ‘अविवाहित’ लिहिलं आणि व्हिसाच्या अर्जात ‘घटस्फोटित’, तर दोन कागद एकमेकांविरुद्ध बोलतात.

पहिला जोडीदार वारला असेल, तर सरपंचांचा दाखला पुरत नाही. मृत्यूनोंदीचा दाखला हवा. नोंद राहून गेली आणि वर्ष उलटलं, तर 2023 च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकारी, प्रांत किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश घेऊन ती करता येते. आदेश होण्याआधी नावाचं स्पेलिंग पासपोर्टाशी ताडून घ्या, नंतर दुरुस्तीचा फेरा वेगळा पडतो.