"भाऊ, एक विचारायचं होतं": फोनवर चालतं, चॅटवर का अडतं?

मी आर्वीचा, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आजचा विषय मात्र बोलण्याचा आहे. आपल्याकडे कोणीही थेट प्रश्न विचारत नाही. आधी "कसं काय", मग "पाणी आलं का तिकडं", मग "एक काम होतं", आणि मग कुठे काम. ही पद्धत चांगली की वाईट, यावर बोलायचं नाहीये. तीच पद्धत फोनवर उपयोगी का पडते आणि व्हॉट्सॲपवर का अडते, एवढंच पाहू.

आर्वी तालुक्यातलंच उदाहरण घेऊ. समजा, एका काकांच्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळीची शंका आहे. २०१७ साली या अळीनं विदर्भात काय केलं ते आठवत असेल, म्हणजे जीवाला घोर आहे. काका ओळखीच्या कृषी केंद्रवाल्या भाऊंना फोन लावतात.

"हॅलो, भाऊ, कसं काय? बरं हाय नं?"
"हो जी काका, बोला."
"पानी आलं का तिकडं?"
"रात्री आलं थोडं. तुमच्याकडं?"
"इकडं नाही आलं. बरं भाऊ, एक विचारायचं होतं. टाइम हाय का?"
"हो, विचारा नं."

सगळं मिळून पंधरा-वीस सेकंद. वरवर पाहिलं तर वेळ वाया गेला. पण या वीस सेकंदांत काय काय झालं ते मोजा. एक, रेंज आहे, आवाज जातोय, हे कळलं. दोन, भाऊंच्या आवाजावरून कळलं की ते मोकळे आहेत की दुकानात गर्दी आहे. तीन, पाण्याची बातमी मिळाली, आणि फवारणी ठरवताना ती कामाचीच असते. चार, भाऊंना "आत्ता गिऱ्हाईक आहे, दहा मिनिटांनी करा" म्हणायची सोय मिळाली, तेही काकांचा मान राखून.

हा चौथा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. इमॅन्युएल शेग्लॉफ नावाचे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ होते. फोनवरच्या बोलण्याची सुरुवात कशी होते, यावर त्यांनी १९६८ मध्ये लेख लिहिला. "एक विचारू का?" अशा वाक्यांवर त्यांचा वेगळा लेख १९८० चा आहे. या अभ्यासातून समजतं ते असं: अशी वाक्यं म्हणजे प्रश्नाच्या आधी घेतलेला अंदाज. पुढचा माणूस "बोला" म्हणाला तर पुढे जायचं, "हं... काय झालं?" असं अडखळला तर तिथेच थांबायचं. नकार द्यायची वेळच येत नाही.

हे सगळं स्वस्तात होतं, कारण बोलताना उत्तर लगेच येतं. २००९ मध्ये जगातल्या दहा भाषांचा एक अभ्यास छापून आला. हो-नाही स्वरूपाच्या प्रश्नानंतर समोरचा बोलू लागेपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा भाग जातो, असं त्यात दिसलं. म्हणजे पापणी लवेपर्यंत उत्तर. म्हणून फोनवर चार-पाच फेऱ्या जास्तीच्या झाल्या तरी कोणाचं काही जात नाही. उलट बोलताना शांतताच महाग असते. दोन सेकंद कोणी बोललं नाही की आपण "हॅलो? हॅलो?" सुरू करतो.

आता हेच बोलणं चॅटवर टाका. काका ९:०५ ला लिहितात, "नमस्कार भाऊ." भाऊ ९:४० ला पाहतात, "नमस्कार जी." काका लगेच, "कसं काय, बरं हाय नं?" तोवर दुकानात गर्दी. ११:३० ला उत्तर, "हो जी, बोला." आता काका वावरात, फोन बंडीच्या खिशात. १ वाजता जेवताना ते लिहितात, "एक विचारायचं होतं." १:५० ला भाऊ, "विचारा." आणि २:१५ ला प्रश्न येतो, "पऱ्हाटीत अळी हाय वाटते, काय करू?"

फोनवरचे वीस सेकंद इथे पाच तास दहा मिनिटं झाले. लिहायला कोणाला फार वेळ लागला नाही, सगळा वेळ वाट पाहण्यात गेला. दोघंही सभ्य, दोघंही आपापल्या जागी बरोबर. फरक फक्त एका फेरीच्या किमतीचा.

आमच्या धंद्यात हा प्रश्न जुना आहे. दोन कॉम्प्युटर टीसीपीने बोलायला लागले की आधी तीन निरोपांचा रामराम होतो: "आहेस का?", "आहे, तू आहेस का?", "आहे." मगच माहिती जाते. जवळच्या जवळ हे कळतही नाही, लांबच्या संथ लाइनवर मात्र प्रत्येक नव्या जोडणीला जाणवतं. म्हणून २०१४ मध्ये टीसीपी फास्ट ओपन नावाची सोय कागदावर आली. आधी एकदा ओळख पटलेली असेल, तर पहिल्या "आहेस का" सोबतच माहितीही पाठवायची. रामराम गेला नाही, तो आणि काम एकाच पाकिटात आले.

काकांनीही तेच करायचं. ९:०५ ला एकच मेसेज:

"नमस्कार भाऊ. पऱ्हाटीला ९० दिवस झाले. २० हिरवी बोंडं फोडून पाहिली, ३ मध्ये गुलाबी अळी निघाली. कामगंध सापळ्यात तीन रात्री रोज ८ च्या वर पतंग. फोटो पाठवतो. कोणता फवारा घेऊ? सवडीनं सांगा."

मान आहे, "सवडीनं" आहे, आणि प्रश्नही आहे. शिवाय भाऊंनी उलट जे विचारलं असतं ते आधीच आलं. फवारणीचा निर्णय आकड्यांवर असतो: दहा टक्के बोंडांत अळी, किंवा सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग. वीसात तीन म्हणजे पंधरा टक्के. भाऊ ९:४० ला पाहतील तेव्हा थेट उत्तर देतील.

पण मग भाऊंना नकाराची मोकळीक कुठे राहिली? ती चॅटमध्ये आधीच आहे. तिथे शांतता महाग नसते. उशिरा पाहिलं, उशिरा लिहिलं, कोणी राग मानत नाही. निळ्या खुणांनी ती मोकळीक थोडी कमी केली, तरी फोनइतकी अडचण होत नाही. आणि नुसतं "नमस्कार भाऊ" पाहून भाऊंना हे कळत नाही की काम दोन मिनिटांचं आहे की अर्ध्या तासाचं. मग ते "नंतर पाहू" म्हणतात. लॉक स्क्रीनवर प्रश्नच दिसला तर ठरवता येतं.

व्हॉइस मेसेजचं वेगळंच. बोलण्याची प्रस्तावना आणि चॅटची वाट, दोन्ही एकत्र. दीड मिनिटाच्या मेसेजात प्रश्न शेवटी असेल तर भाऊंना सगळं ऐकावं लागतं, नजर फिरवून शोधता येत नाही. व्हॉइस पाठवायचाच तर खाली एक ओळ लिहा, "बोंडअळीच्या फवाऱ्याबद्दल."

हे सगळीकडे लागू नाही. उसने पैसे मागायचे आहेत, कोणाच्या घरी दुःखद घटना झाली आहे, तिथे पहिल्याच ओळीत काम टाकू नये. "थोडं बोलायचं होतं, कधी फोन करू?" हे तिथे योग्यच. पण पहा, त्यातही "कधी" हा प्रश्न आहे, म्हणजे समोरच्याला उत्तर देता येतं. अनोळखी नंबर असेल तर पहिल्या ओळीत आपण कोण, नंबर कोणी दिला, हे लिहा, आणि त्याच मेसेजात पुढे प्रश्न.

आणि दोघंही त्या क्षणी ऑनलाइन असतील, टायपिंग दिसत असेल, तर खुशाल "कसं काय" करा. तिथे चॅट पुन्हा बोलण्यासारखं झालेलं असतं.

म्हणून पाठवण्याआधी एकच तपासा: समोरच्यानं हा मेसेज तीन तासांनी पाहिला, तर त्याला उत्तर देता येईल का? येत असेल तर पाठवा. नसेल तर प्रश्न लिहायचा राहिला आहे.

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात.