पिठाची राख काय सांगते?

आम्ही अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो. तुमच्यापैकी कितीतरी गट गव्हाचं पीठ पाकिटात भरून विकतात, आणि त्यातले काही नमुने आमच्याकडे तपासायला येतात. आमच्या अहवालात दोन ओळी असतात : 'एकूण राख' आणि 'आम्लात न विरघळणारी राख'. त्या वाचून बायका विचारतात, "आम्ही पीठ दिलं होतं, त्यात राख कुठून आली?" आज तेच सांगणार आहोत. ही राख पिठात कुणी मिसळलेली नसते. पीठ पूर्ण जाळल्यावर जे मागे उरतं, ती ही राख.

पिठातला पिष्टमय भाग, प्रथिनं, तेल, कोंड्याचे तंतू हे सगळं जळून धूर आणि वाफ होऊन जातं. जळत नाहीत ते क्षार : पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फरस, थोडं कॅल्शियम, थोडं लोह. गव्हात हे क्षार जास्त करून कोंड्याच्या थरात असतात. म्हणून मैद्याची राख कमी भरते आणि कोंड्यासकट दळलेल्या आट्याची जास्त. पण मातीही जळत नाही, वाळूही जळत नाही आणि चक्कीच्या दगडाची कचही जळत नाही. ती सगळी त्याच राखेत उरते. आपल्या देशाच्या अन्न नियमांप्रमाणे आट्यातला ओलावा वजा करून एकूण राख १०० ग्रॅमला २ ग्रॅमच्या वर जाता कामा नये, आणि आम्लात न विरघळणारी राख ०.१५ ग्रॅमच्या वर जाता कामा नये.

आता चुलीवर पीठ जाळून हे का कळत नाही? कारण चुलीत लाकडाची, गोवरीची राख उडत असते, आणि आपल्याला फक्त पिठाची राख हवी. म्हणून मफल भट्टी वापरतात. ही विजेवर चालणारी, आतून भाजलेल्या विटेसारख्या मातीची पेटी असते. तारांची उष्णता भिंतींतून येते, आत ना जाळ ना सरपण. पुढच्या काट्यावर तापमान ठरवता येतं. पिठासाठी आम्ही ते ५५० अंशांवर ठेवतो.

पीठ ठेवायला लागते मूस. सोनाराची मूस तुम्ही पाहिली असेल. आमची चिनी मातीची, वाटीएवढी, झाकणासकट असते. खरं काम इथूनच सुरू होतं, कारण आपण ५ ग्रॅम पीठ घेतो आणि त्याची राख उरते एका ग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी. मुशीला बोटाचं तेल किंवा मागच्या नमुन्याचा डाग राहिला, तर तोही त्या राखेत मोजला जातो. म्हणून मूस आधी सौम्य आम्लाने धुवायची, मग शुद्ध पाण्याने, आणि वाळवून रिकामीच भट्टीत तासभर तापवायची. तिच्यात जळण्यासारखं जे काही असेल ते आधीच जळून जातं. यानंतर तिला हात लावायचा नाही, चिमट्यानेच उचलायची. मुशीवर खूण करायची तर पेनाची शाई चालत नाही, ती जळून जाते. लोहाच्या क्षाराच्या द्रावणाने आकडा लिहिला, तर तो भाजून तपकिरी होतो आणि टिकतो.

तापलेली मूस तशीच काट्यावर ठेवता येत नाही. गरम भांड्याभोवतीची हवा वर चढते, मुशीला उचलून धरल्यासारखं करते आणि वजन कमी दिसतं. उघड्यावर गार करावी, तर ती हवेतला ओलावा धरते आणि वजन जास्त दिसतं. म्हणून तिला डेसिकेटरमध्ये गार करतात. हे जाड काचेचं, घट्ट झाकणाचं भांडं असतं. त्याच्या तळाशी सिलिका जेलचे निळे खडे असतात, ते ओलावा ओढून घेतात. खडे गुलाबी झाले की त्यांची ताकद संपली असं समजायचं आणि ते भाजून पुन्हा निळे करायचे. पाऊण ते एक तासात मूस खोलीइतकी गार होते. मग तिचं वजन चार दशांश स्थळांपर्यंत करायचं.

एका गटाच्या आट्याचे आकडे घेऊन पुढे जाऊ. रिकामी मूस भरली २८.४२१६ ग्रॅम. तिच्यात बरोबर ५ ग्रॅम पीठ घातलं. हे पीठ एकाच पाकिटातलं नव्हतं. पाच पोत्यांतून वरचं, मधलं, खालचं काढून एकत्र केलेलं होतं, कारण कच पोत्यात सारखी पसरलेली नसते.

पीठ एकदम लाल भट्टीत ठेवलं तर ते पेट घेतं, फुगून मुशीबाहेर येतं आणि धुराबरोबर राखही उडून जाते. म्हणून आधी मंद आचेवर, धूर ओढून घेणाऱ्या पंख्याखाली ते करपवायचं. धूर पूर्ण थांबला आणि काळा कोळसा उरला, की मूस भट्टीत. आम्ही ती सहसा पाच-सहा तास ठेवतो. घड्याळापेक्षा रंग पाहणं महत्त्वाचं : राख पांढरी किंवा फिकट करडी झाली पाहिजे. काळे ठिपके म्हणजे कोळसा उरला. अशा वेळी लवकर होईल म्हणून तापमान वाढवायचं नाही. गव्हाच्या राखेतले फॉस्फेट वितळून काचेसारखे होतात आणि कोळशाचे कण आतच कोंडतात. काही क्षार वाफ होऊनही जातात. त्याऐवजी मूस गार करून राखेवर शुद्ध पाण्याचे दोन-चार थेंब सोडायचे. वरचे क्षार विरघळतात आणि आतला कोळसा उघडा पडतो. ती सावकाश वाळवून पुन्हा भट्टीत ठेवली, की ठिपके जातात.

राख झाली की भट्टी बंद करून ती २०० अंशांच्या आसपास उतरू द्यायची. ५५० अंशांवरची मूस गार फरशीवर टेकवली तर तडकते. मग चिमट्याने, झाकण ठेवून, डेसिकेटरमध्ये. इथे एक बारीक गोष्ट आहे. आतली गरम हवा गार होताना आक्रसते आणि डेसिकेटरचं झाकण घट्ट ओढलं जातं. ते झटक्यात उघडलं, तर बाहेरची हवा जोरात आत घुसते आणि भुरभुरीत राख उडते. पाच ग्रॅम पिठाची सगळी मेहनत एका फुंकरीत जाते. म्हणून झाकण बाजूला सरकवत हळूहळू हवा आत सोडायची, आणि मग लगेच वजन करायचं, कारण राख ओलावा फार लवकर ओढते. वजन झालं की मूस पुन्हा अर्धा तास भट्टीत, पुन्हा तितकाच वेळ गार, पुन्हा वजन. दोन वजनांत एका मिलिग्रॅमहून कमी फरक आला, की जळायचं ते सगळं जळलं.

त्या गटाची मूस राखेसकट भरली २८.५०७३ ग्रॅम. म्हणजे राख ०.०८५७ ग्रॅम. पिठात ओलावा १० टक्के होता, तो वेगळा तपासलेला होता. म्हणजे ५ ग्रॅममध्ये सुकं पीठ ४.५ ग्रॅम. ०.०८५७ ला ४.५ ने भागून १०० ने गुणलं, की आले १.९० टक्के. मर्यादा २. एकूण राखेत पीठ पास झालं.

पण काम इथे संपत नाही. त्याच राखेवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालून ती गरम केली. गव्हाचे क्षार आम्लात विरघळतात, वाळू आणि कच विरघळत नाही. ते पाणी, राख न उरणाऱ्या खास गाळणकागदातून गाळलं, गरम पाण्याने आम्ल पूर्ण धुऊन काढलं, आणि कागद त्याच मुशीत ठेवून पुन्हा जाळला. गार करून वजन आलं २८.४३२८. म्हणजे न विरघळलेली राख ०.०११२ ग्रॅम, सुक्या पिठावर ०.२५ टक्के. मर्यादा ०.१५. इथे पीठ नापास झालं. किलोभर पिठात हे सव्वादोन ग्रॅम होतात. भाकरी-पोळी खाताना दाताखाली कचकच लागायला तेवढे पुरतात.

कच आली कुठून, हे शोधायला गटाने त्याच गव्हाचे स्वच्छ केलेले दाणे पाठवले. ते आम्ही प्रयोगशाळेतल्या पोलादी यंत्रात दळले आणि तीच तपासणी केली. ही राख ०.०५ टक्केच आली. म्हणजे गहू नीट निवडलेला होता, माती त्यात नव्हती. दोष दळणात होता. चौकशी केली तेव्हा कळलं, चक्कीचा दगड नुकताच टाकवलेला होता, आणि त्यानंतरचं पहिलंच दळण सरळ पाकिटात गेलं होतं. टाकवलेल्या दगडाचे सैल कण पहिल्या काही किलोंत उतरतात. शिवाय गहू संपल्यावर चक्की रिकामी फिरत राहायची, म्हणजे दगडावर दगड घासायचा. गटाने दगड ब्रशने झाडले, टाकवल्यानंतरचं पहिलं दळण फेकून द्यायचं ठरवलं, आणि दाणे संपायच्या आत दगड सैल करायला सुरुवात केली. पुढच्या नमुन्यात एकूण राख १.७६ आणि न विरघळणारी ०.१० आली.

म्हणून अहवालातले दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचा. दोन्ही जास्त असतील, तर माती, वाळू किंवा दगडाची कच. एकूण जास्त आणि न विरघळणारी कमी असेल, तर मीठ, खडूसारखं काही मिसळलेलं असू शकतं, किंवा पिठात वरून कोंडा घातलेला असेल. खडू आम्लात विरघळतो, म्हणून दुसऱ्या आकड्यात तो सापडत नाही. आट्याची मर्यादा दुसऱ्या पदार्थाला लावू नका. नाचणीत क्षार मुळातच जास्त असतात. आणि राख जास्त म्हणजे पीठ जास्त पौष्टिक, असंही नाही. कोणता क्षार किती, हे राखेच्या वजनावरून कळत नाही. कीड, बुरशी, फवारणीचं औषध यांचाही पत्ता या तपासणीत लागत नाही, त्याच्या तपासण्या वेगळ्या.

नमुना आणताना एवढं करा. सगळ्या पोत्यांतून थोडं थोडं घ्या, नीट मिसळा आणि त्यातलं अर्धा किलो कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. डब्यावर दळल्याची तारीख लिहा, आणि दगड कधी टाकवला होता तेही लिहा. त्याच गव्हाचे मूठ-दोन मूठ दाणे वेगळ्या पुडीत द्या. राख मर्यादेबाहेर गेली, तर दोष गव्हाचा की चक्कीचा, हे त्या पुडीवरून लगेच सांगता येतं.